एकुलत्याच्या खेळातलं भांडण लगेच मिटवू नका

भावंड नसलं की वाटून घेणं, हरणं, रुसून परत खेळायला येणं हा सराव मित्रांबरोबरच होतो. म्हणून आठवड्यातून एकदा तोच एक मित्र दीड-दोन तास घरी बोलवा. दर वेळी नवा चेहरा आला तर गाडी ओळखीपुढे सरकत नाही. जिवापाड आवडतं खेळणं आधीच कपाटात ठेवा. ‘त्याने माझी गाडी घेतली!’ अशी तक्रार आली की न्यायनिवाडा नको, ‘मग त्याला काय सांगशील?’ एवढंच विचारा. हात उगारला तरच मध्ये पडा.

एकटंच गुणगुणत ठोकळे रचणारं मूल एकाकी असतंच असं नाही (काळजी बहुधा आपल्यालाच असते). आवडत्या मित्राकडे जाणंही ते सतत टाळू लागलं, तर मात्र वर्गशिक्षकांशी बोला.