टन-किलोमीटर काढताना सरासरी वजन घेऊ नका

ट्रकचा दर टन-किलोमीटर खर्च, म्हणजे एक टन माल एक किमी नेण्याचा खर्च, काढताना बरेच जण सरासरी वजनाला एकूण अंतराने गुणतात. टप्पे सारख्या लांबीचे नसतील तर हा आकडा फसवतो.

समजा, ट्रक १० टन माल घेऊन १०० किमी गेला, पुढे ६ टन घेऊन ६० किमी, आणि तिथून १४० किमी रिकामा परतला. डिझेल, चालक, टायर, विमा, घसारा धरून फेरीचा खर्च ६,८०० रुपये.

सरासरी वजन १६ भागिले ३, म्हणजे ५.३३ टन. गुणिले ३०० किमी, म्हणजे १,६०० टन-किमी आणि दर ४.२५ रुपये. आता प्रत्येक टप्पा वेगळा गुणा: १,००० अधिक ३६० अधिक शून्य, म्हणजे १,३६० टन-किमी. खरा दर ५ रुपये!

फरक पडतो कारण रिकामा टप्पा जवळपास निम्म्या अंतराचा आहे, पण सरासरीत त्याला एक तृतीयांशच वाटा मिळतो. ४.२५ धरून भाडं ठरवलंत तर १,३६० टन-किमीमागे ५,७८० रुपयेच हाती येतील. फेरीमागे १,०२० रुपये खिशातून.

बसलाही हेच लागू: प्रवासी मधेच चढतात-उतरतात, म्हणून प्रवासी-किमी थांब्यागणिक मोजा.