‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा स्क्रीनशॉट आला, तर आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा

घरातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवलेला असतो. मधोमध लाल त्रिकोण, त्याखाली `Your connection is not private` आणि सोबत प्रश्न: “व्हायरस आला का रे? बँकेचं पान उघडतच नाहीये.” बहुतेक वेळा व्हायरस आलेला नसतो, आणि कारण त्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसत असतं. ते कसं वाचायचं, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून बघू.

पूर्ण स्क्रीन मागवा

लोक नेमका लाल त्रिकोण तेवढा कापून पाठवतात. त्यावरून फारसं कळत नाही. “मावशी, अख्ख्या स्क्रीनचा फोटो पाठव, वरच्या पत्त्याच्या पट्टीपासून खालच्या घड्याळापर्यंत,” असं सांगा. विंडोजवर विंडोजचं बटण दाबून धरून `PrtSc` दाबलं की अख्खी स्क्रीन टिपली जाते आणि `Pictures` मधल्या `Screenshots` या फोल्डरमध्ये जाऊन बसते. ते जमत नसेल तर मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढला तरी चालतो, फक्त उजवा खालचा कोपरा त्यात आला पाहिजे.

मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक ओळ महत्त्वाची

मोठं वाक्य अनेक वेगवेगळ्या बिघाडांना तेच असतं. फरक खालच्या करड्या, बारीक अक्षरांत असतो. समजा तिथे असं लिहिलंय:

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे त्यातच लिहिलेलं असतं, आणि आजकाल बऱ्याच साइटची प्रमाणपत्रं ९० दिवसांचीच असतात. ब्राउझर आजची तारीख त्या मुदतीत बसते का ते तपासतो. यातली ‘आजची तारीख’ तो तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतो. म्हणून `DATE_INVALID` दिसलं की दोनच शक्यता मुख्य राहतात: एक तर साइटवाल्यांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलेलं नाही, नाहीतर तुमचं घड्याळ चुकलंय.

आता कोपऱ्याकडे या. मावशीच्या स्क्रीनशॉटमध्ये वाय-फायचा पंखा नेहमीसारखा दिसतोय. इंटरनेट नसतं तर त्या जागी पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह दिसलं असतं, म्हणजे राउटरला दोष देण्याचं कारण नाही. पण शेजारी वेळ दिसतेय `00:14` आणि खाली तारीख `01-01-2015`. भरदुपारी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मध्यरात्र! निदान इथेच झालं. आजचं प्रमाणपत्र २०१५ साली अस्तित्वातच नव्हतं, म्हणून ब्राउझर ते नाकारतोय.

घड्याळ इतकं मागे असलं तर क्रोम बऱ्याचदा स्वतःच ओळखतो आणि मथळाच `Your clock is behind` असा दाखवतो. घड्याळ पुढे गेलं असेल तर `ahead`. फरक लहान असेल, तर मात्र ओळखायला एक छान सोय आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. त्या बारीक करड्या कोडवरच क्लिक करा. खाली मजकूर उलगडतो, त्यात `Expires on` आणि `Current date` अशा दोन ओळी असतात. पहिली प्रमाणपत्राची शेवटची तारीख, दुसरी तुमच्या कॉम्प्युटरला वाटणारी आजची. दुसरी चुकीची असेल तर दोष आपल्याकडे. दुसरी बरोबर असून पहिली उलटून गेली असेल तर दोष साइटकडे.

घड्याळ दुरुस्त करताना

टास्कबारवरच्या घड्याळावर राइट-क्लिक करून तारीख-वेळेचं सेटिंग उघडा. अनेकजण थेट `Sync now` दाबतात, ते फसतं आणि मग माणूस गोंधळतो. घरगुती विंडोज मूळ सेटिंगमध्ये साधारण १५ तासांपेक्षा मोठा फरक अशा मार्गाने भरून काढायला तयार होत नाही. म्हणून आधी `Set time automatically` बंद करून तारीख आणि वेळ हाताने घाला, मग ते पुन्हा चालू करा आणि तेव्हा `Sync now` दाबा. टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` हाच आहे ना, तेही बघा. मग पान ताजं करा.

मोबाइलवर हे सोपं आहे. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ चालू केलं की नेटवर्ककडून वेळ येते. फोनची तारीख चुकली की व्हॉट्सॲपही तारीख चुकीची असल्याचं सांगून अडून बसतं. तेव्हा दोन्ही तक्रारी एकदम आल्या, तर कारण एकच समजा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तर

डेस्कटॉप बंद असताना घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या गोल बटन सेलवर. दुकानात त्याला सीमॉस बॅटरी म्हणतात आणि बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो `CR2032`, ३ व्होल्टचा असतो. तो संपला की तारीख मूळपदावर, म्हणजे एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जाते.

इथे आपल्या घरची एक सवय चित्र बदलते. प्लग चालू ठेवून नुसता शटडाउन केला, तर मदरबोर्डला थोडा वीजपुरवठा मिळत राहतो आणि सेल संपल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. रोज भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्यांना मात्र रोज सकाळी २०१५ दिसतं. याचीच परीक्षा म्हणून वापर करा: तारीख दुरुस्त करा, शटडाउन करा, भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवा. सकाळी तारीख मागे गेलेली असेल तर सेल संपलाय. सुरू होताना काळ्या स्क्रीनवर `CMOS` शब्द असलेली सूचना येऊन `F1` दाबायला सांगत असेल, तर तोही त्याचाच पुरावा.

सेल बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, क्लिप हळूच बाजूला सारून जुना सेल काढा आणि नवा `+` ची बाजू वर ठेवून बसवा. नंतर तारीख एकदा पुन्हा घालावी लागते. लॅपटॉपमध्ये हा सेल वायरने जोडलेला किंवा वेगळ्या प्रकारचा असू शकतो, ते काम मेकॅनिककडे द्या.

घड्याळ बरोबर असेल तेव्हा

तारीख-वेळ ठीक, बाकी साइट ठीक आणि एकच साइट अडतेय, तर तिचं प्रमाणपत्र संपलंय. आपल्या हातात थांबण्याखेरीज काही नाही. `Advanced` दाबल्यावर `unsafe` लिहिलेला पुढे जाण्याचा दुवा दिसतो, पण बँक, आधार, कर भरणं अशा ठिकाणी तो अजिबात वापरू नका, कारण तिथून पुढे पासवर्ड कुणाकडे जातोय याची खात्री राहत नाही.

बारीक ओळीत `DATE` ऐवजी `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` असेल, तर घड्याळाच्या मागे लागण्याआधी दुसरी चौकशी करा: लॉज, कॉलेज किंवा स्टेशनचं वाय-फाय आहे का, आणि त्याचं लॉगिन राहिलंय का? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच पान उघडून बघा. उघडलं, तर अडचण त्या वाय-फायमध्ये आहे. नाही उघडलं आणि सगळ्याच साइटवर तेच येत असेल, तर अँटिव्हायरसचं वेब तपासणीचं सेटिंग बघायला घ्या.