बोलून टाईप केलेली नोट: आधी वाक्यं तोडा
दादरच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगची नोट मी फोनवर बोलून टाईप करते. नोट लांब असेल तर आधी शब्दांना हात लावू नका, वाक्यं तोडा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. म्हणून ‘आहे’, ‘नाही’, ‘ठरलं’ दिसलं की पुढचा शब्द बघा. तिथे ‘म्हणून’ किंवा ‘का’ असेल तर वाक्य बहुधा अजून संपलेलं नसतं. ‘टाकी धुवायची आहे शनिवारी पाणी येणार नाही’ यातलं ‘शनिवारी’ कुठल्या बाजूचं, हे बोलणाऱ्यालाच आठवतं, तेव्हा त्याच दिवशी तपासा. मग मोठ्याने वाचा. ‘वेळ’चं ‘वेल’ झालेलं असतं. तोही खरा शब्द, त्यामुळे लाल रेघ येत नाही. रकमा मात्र पावतीशीच ताडून बघा.