ज्युनिअरला मराठीत फीडबॅक लिहिताना या चुका टाळा

समजा, अंधेरीच्या ऑफिसात नवी लागलेली मुलगी दर शुक्रवारी भिवंडीच्या गोदामाचा स्टॉक रिपोर्ट बनवते. या वेळी दोन मालांचे आकडे मागच्या आठवड्याचेच राहिले. त्यावर विसंबून सोमवारी टेम्पो पाठवला आणि तो अर्धा रिकामा परत आला. फीडबॅक आधी इंग्रजीत लिहिला जातो, मग तिच्यासाठी मराठीत. बिघडतं ते इथे.

इंग्रजीवरून जसंच्या तसं उतरवलं की होतं, "तू आकडे तपासण्यात अपयशी ठरलीस. अधिक काळजी घेण्याची गरज आहे." इंग्रजीत हे रोजचं वाक्य असेल, पण मराठीत वाचणारीला वाटतं आपणच नापास झालो. शिवाय काळजी म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला कळतच नाही. हा दोष मुळातल्या मजकुराचा आहे. काय झालं, त्याने काय अडलं आणि पुढे काय करायचं, हे त्यात नसेल तर आधी तेच नीट लिहा.

दुसरी चूक क्रियापदाची. "तू तपासलंच नाहीस" हा थेट आरोप झाला. "तपासायचं राहून गेलं" म्हटलं की चूक लपत नाही आणि माणसावर बोटही रोखलं जात नाही. मात्र हेच तिसऱ्यांदा घडलं असेल तर "राहून गेलं" म्हणणं खोटं आहे. तेव्हा "हे तिसऱ्यांदा झालंय, आपण बसून बोलू" असं सरळ लिहावं. "का नाही तपासलंस?" ऐवजी "कुठे अडलं?" विचारा, म्हणजे सबबीऐवजी खरं कारण समोर येण्याची शक्यता वाढते.

एरवी जिला "अगं" म्हणता, तिला लिहिताना एकदम "आपण" केलंत तर मेमो हातात पडल्यासारखं वाटतं. बोलता तसंच लिहा.

याच्या उलट टोकाची चूक मला जास्त घातक वाटते. "जरा बघशील का, वेळ मिळाला तर" असं वाचून ती समजते की फार काही बिघडलेलं नाही, आणि पुढच्या शुक्रवारी तेच होतं. मऊपणा सुरात असावा, मुद्दा मात्र पातळ होता कामा नये.

मी हे असं लिहीन:

"शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये भिवंडीच्या दोन मालांचे आकडे मागच्या आठवड्याचेच राहिले, त्यामुळे सोमवारी टेम्पो अर्धा रिकामा परत आला. बाकीचे आकडे बरोबर होते आणि रिपोर्ट वेळेत आला होता. यापुढे पाठवण्याआधी गोदामाच्या शीटवरची तारीख बघत जा आणि दोन-तीन आकडे फोनवर पडताळून घेत जा. शीट उशिरा येत असेल तर सांग, मी गोदामाशी बोलतो."

यात कौतुकाला "पण" जोडलेला नाही, कारण "पण" आला की आधीचं कौतुक पुसलं जातं. पाठवल्यावर तिला विचारा, "पुढच्या शुक्रवारी काय काय करशील?" तिने तारीख आणि फोन दोन्ही सांगितलं तर निरोप पोचला. नुसतं "सॉरी सर" आलं तर फक्त बोलणी पोचली, तेव्हा मजकूर पुन्हा लिहा.