सरासरी भाडं उतरलं? आधी फुकटच्या खोल्या मोजा

इंदूरला सरवटे बसस्टँडजवळ आमचं १२ खोल्यांचं लॉज आहे. परवाच्या रिपोर्टात सरासरी भाडं ९६० दिसलं, आणि सूट दिली म्हणून मी काउंटरवरच्या मुलाला बोललो. चूक माझीच. बुकिंगं उघडली तर ८ खोल्या १,२०० नेच गेल्या होत्या. आणखी २ मावशीकडच्या लग्नाच्या पाहुण्यांना फुकट दिलेल्या. सिस्टीमने त्या शून्य रुपयांना विकल्या असं धरलं. जीएसटी वगळून आलेल्या ९,६०० ला १० ने भागलं, हवं होतं ८ ने.

अशा खोल्यांना बुकिंग करतानाच ‘Complimentary’ लावा आणि दुसऱ्या दिवशी भागाकार एकदा हाताने ताडून बघा. चादरी-पाण्यासाठी १२ पैकी १० खोल्या, म्हणजे ८३ टक्के धरा. कमाईसाठी ८ च, म्हणजे ६७.