‘स्वतःचा फ्लॅट’ म्हणजे नेमकं काय, ते सुपारी फुटण्याआधी विचारा

बायोडेटावर ‘घणसोलीत स्वतःचा वन बीएचके’ असं असतं आणि चहा-पोह्यांच्या बैठकीत पुढे कुणी विचारत नाही. मुलगा-मुलीने दोघांनीच बसून आकडे मांडावेत. समजा, मुलाच्या हातात येणारा पगार 80,000, कर्जाचा हप्ता 38,000, सोसायटीचा मेंटेनन्स 4,000. उरले 38,000. आई-वडिलांना त्यातून किती जातात आणि हप्ता अजून किती वर्षं आहे, हेही सांगावं. (पॅकेजचा आकडा नको, सॅलरी स्लिपवरचा.)

लग्नानंतर मुलीला सहकर्जदार करायचं ठरत असेल तर करारनाम्यात तिचं नाव येणार का, हे आधीच विचारा. नुसत्या कर्जावर नाव असलं तर फेडीची जबाबदारी येते, मालकी नाही. इथे ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर मी तारीख पुढे ढकलेन.

मुलांचा प्रश्नही याच घराला लागून आहे. नियमात बसल्यास पहिल्या बाळंतपणाला 26 आठवडे पगारी रजा मिळते. त्यानंतर बाळ आजी सांभाळणार की पाळणाघर? आजी येणार असेल तर त्या वन बीएचकेत झोपणार कुठे? आणि मुलीने नोकरी वर्षभर सोडली, तर उरलेल्या त्या 38,000त भागेल का?