कोकणातल्या पावसाळ्यात फोटोंचे अल्बम कसे जपावेत

हे काम फेब्रुवारीत करा. जून उजाडला की उशीर झाला. अल्बम कपाटातून काढा, झटका, पानांत अडकलेले वर्तमानपत्राचे कपटे आणि जुनी पुठ्ठ्याची खोकी फेकून द्या, कारण कसर आणि झुरळं तिथूनच येतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सहज सुटत असतील तर साध्या कागदी पाकिटांत ठेवा. सुटत नसतील तर ओढू नका.

आता अवघड भाग. 'डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि विसरा' हा सल्ला मला पटत नाही. ओलावा हवेत थोडा आणि कागदात फार असतो. पाच किलो अल्बम दमट घरात राहिले की त्यांत दोन-अडीचशे ग्रॅम जास्तीचं पाणी सहज मुरतं. पाच ग्रॅमची पुडी त्यातलं जेमतेम ग्रॅमभर शोषते. उरलेलं पाणी हवाबंद डब्यात अडकतं आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं: ऊब, दमटपणा आणि खायला फोटोवरचा जिलेटिनचा थर.

म्हणून आधी अल्बम वाळवा, मग डबा बंद करा. कोरड्या दिवसांत दुपारी, खोलीत सावलीला, पानं पंख्यासारखी उघडून अल्बम उभे ठेवा. उन्हात नको, रंग उडतात. संध्याकाळी हवा दमट व्हायच्या आत उचला. जाड अल्बमला आठवडा लागतो.

मग रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. कापडी पिशवीत पाव किलो केशरी सिलिका जेल आणि शेजारी छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. डबा बंद केल्याबरोबर दिसणारा आकडा खोटा असतो, कागद ओलावा हळूहळू सोडतो. तीन दिवसांनी पाहा. ४० ते ५० टक्के असेल तर उत्तम. ६० च्या वर असेल तर जेल वाढवू नका, अल्बम पुन्हा वाळवा. ३० च्या खालीही नको, फोटो वळतात आणि थराला तडे जातात.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या बुरशी रोखत नाहीत, ओलावाही घेत नाहीत. कडुलिंबाचा ओला पाला तर डब्यात पाणीच नेतो.

पांढरे ठिपके आधीच आले असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चेहराच फडक्यावर येतो. फोटो पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ कुंचल्याने झटका. असा फोटो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

डबा माळ्यावर किंवा पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला लावून ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तो उघडायचा नाही, मापक बाहेरून दिसेल असा पारदर्शक डबाच घ्या. जेल हिरवट झालं तर पावसाळा सरल्यावर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, गार झाल्यावर परत ठेवा.